68 गुण म्हणजे वर्गात नेमके कुठे?

गणितात 68 गुण चांगले की बेताचे, हे वर्गातल्या इतरांचे गुण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. एक्सेलमधील PERCENTRANK हे सूत्र हीच जागा काढून देते. समजा, 41 विद्यार्थ्यांचे गुण B2 ते B42 या रकान्यांत आहेत आणि B2 मध्ये 68 आहेत. शेजारच्या रकान्यात असे लिहावे:

```
=PERCENTRANK($B$2:$B$42,B2)
```

सूत्र 68 पेक्षा कमी गुणांचे विद्यार्थी मोजते आणि त्या संख्येला एकूण विद्यार्थ्यांतून एक वजा करून भागते. कमी गुणांचे 30 जण असतील, तर 30 भागिले 40, म्हणजे 0.75. सर्वांत कमी गुणांना 0 आणि सर्वाधिक गुणांना 1 मिळतो. दोघांना 68 असतील, तर दोघांनाही तेच उत्तर येते. डॉलरची चिन्हे विसरली, तर सूत्र खाली ओढताना यादीही खाली सरकते आणि पुढची उत्तरे बिघडतात.

खरा घोळ गैरहजर विद्यार्थ्यांचा होतो. रकाना रिकामा ठेवला, तर सूत्र त्याला वगळते. शून्य लिहिले, तर ते गुण धरले जातात. वरच्या यादीत असे चार शून्य वाढले, तर 68 चे स्थान 34 भागिले 44, म्हणजे 0.772 होते. पेपर तोच, पण जागा फुकट वर सरकली.

विद्यार्थ्याला मात्र ‘75 टक्के’ असे सांगू नये. ते गुणच वाटतात. ‘इतर 40 जणांपैकी 30 जणांना तुझ्यापेक्षा कमी गुण आहेत,’ असे सांगावे.