परिव्यय व वित्तीय लेख्यांतील नफ्याचा ताळमेळ

परिव्यय व वित्तीय लेख्यांतील नफ्याचा ताळमेळ म्हणजे एकाच उद्योगाच्या एकाच कालावधीचा परिव्यय लेख्यांनुसार निघालेला नफा आणि वित्तीय लेख्यांनुसार निघालेला नफा यांतील फरकाची कारणे शोधून तो फरक आकड्यांनी जुळवून दाखवणे. यासाठी तयार केलेल्या विवरणास मेळपत्रक म्हणतात. दोन्ही लेखे एकाच संकलित पद्धतीने ठेवले असल्यास नफा एकच निघतो व मेळपत्रकाची गरज उरत नाही. भारतात कंपनी (परिव्यय नोंदी व लेखापरीक्षण) नियम, २०१४ खालील परिव्यय लेखापरीक्षण अहवालात (नमुना सीआरए-३) असा ताळमेळ द्यावा लागतो.

## फरकाची प्रमुख कारणे

वरकड खर्च : वित्तीय लेख्यांत प्रत्यक्ष झालेला खर्च नोंदवला जातो. परिव्यय लेख्यांत मात्र वर्ष संपण्याची वाट न पाहता पूर्वनिर्धारित दराने, उदाहरणार्थ प्रति यंत्रतास, हा खर्च उत्पादनावर आकारला जातो. आकारलेली रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी असल्यास तिला कमी वसुली आणि जास्त असल्यास जादा वसुली म्हणतात. हा फरक परिव्यय नफा-तोटा खात्यात आधीच वर्ग केला असेल, तर तो मेळपत्रकात पुन्हा घेतला जात नाही.

साठ्याचे मूल्यांकन : वित्तीय लेख्यांत साठा परिव्यय किंवा निव्वळ प्राप्य मूल्य यांपैकी कमी असलेल्या रकमेस दाखवतात. परिव्यय लेख्यांत तो सामान्यतः परिव्ययासच दाखवला जातो. अखेरच्या साठ्याचे मूल्य जास्त धरल्यास नफा वाढतो, तर प्रारंभिक साठ्याचे मूल्य जास्त धरल्यास तो घटतो.

व्याज : कर्जावर दिलेले व्याज आणि ठेवींवर मिळालेले व्याज वित्तीय लेख्यांत येते, परंतु परिव्यय लेख्यांतून बहुधा वगळले जाते. याउलट, काही उद्योग स्वतःच्या भांडवलावर गृहीत व्याज परिव्ययात धरतात. ते कोणालाही दिलेले नसल्याने वित्तीय लेख्यांत त्याची नोंद नसते.

## उदाहरण

एका काल्पनिक कारखान्याचा परिव्यय लेख्यांनुसार नफा ३,४०,००० रुपये आहे. कारखान्याने १०,००० यंत्रतासांवर ताशी ६२ रुपये दराने ६,२०,००० रुपये वरकड खर्च आकारला. प्रत्यक्ष खर्च ६,५०,००० रुपये झाला. कमी वसुली परिव्यय नफा-तोटा खात्यात नेलेली नाही. प्रारंभिक साठा परिव्यय लेख्यांत १,८०,००० व वित्तीय लेख्यांत १,७२,००० रुपये आहे; अखेरचा साठा अनुक्रमे २,१०,००० व १,९५,००० रुपये आहे. बँकेस दिलेले व्याज ४८,००० रुपये, ठेवींवरील व्याज ९,००० रुपये आणि परिव्यय लेख्यांत स्वतंत्रपणे आकारलेले गृहीत व्याज २५,००० रुपये आहे.

| तपशील | रुपये |
|---|---|
| परिव्यय लेख्यांनुसार नफा | ३,४०,००० |
| अधिक : प्रारंभिक साठ्यातील फरक | ८,००० |
| अधिक : गृहीत व्याज | २५,००० |
| अधिक : ठेवींवरील व्याज | ९,००० |
| वजा : वरकड खर्चाची कमी वसुली | ३०,००० |
| वजा : अखेरच्या साठ्यातील फरक | १५,००० |
| वजा : बँकेस दिलेले व्याज | ४८,००० |
| वित्तीय लेख्यांनुसार नफा | २,८९,००० |

प्रत्येक बाबीसाठी एकच प्रश्न विचारावा लागतो : या बाबीमुळे वित्तीय नफा परिव्यय नफ्यापेक्षा जास्त झाला की कमी? जास्त झाला असल्यास रक्कम मिळवावी, कमी झाला असल्यास वजा करावी. सुरुवात वित्तीय नफ्यापासून केल्यास सर्व चिन्हे उलट होतात.

## सामान्य चुका व पडताळणी

चिन्हाची चूक झाल्यास न जुळणारी रक्कम त्या बाबीच्या दुप्पट असते. वरील उदाहरणात प्रारंभिक साठ्यातील ८,००० रुपये मिळवण्याऐवजी वजा केले, तर उत्तर २,७३,००० रुपये येईल, म्हणजे १६,००० रुपयांनी चुकेल. त्यामुळे उरलेल्या फरकाची निम्मी रक्कम एखाद्या बाबीशी जुळते का, हे प्रथम पाहतात.

दुसरी चूक दुहेरी गणनेची आहे. गृहीत व्याजाचे २५,००० रुपये ६,२०,००० रुपयांच्या वरकड खर्चातच समाविष्ट असते, तर ६,५०,००० रुपयांच्या प्रत्यक्ष खर्चाशी तुलना करताना त्यांचा परिणाम आधीच विचारात आला असता. अशा वेळी ते स्वतंत्रपणे मिळवणे चुकीचे ठरते.

साठ्यातील फरक पुढील वर्षी उलटतो. या वर्षी अखेरच्या साठ्यापोटी वजा केलेले १५,००० रुपये पुढील वर्षी प्रारंभिक साठ्यापोटी मिळवावे लागतात. म्हणून चालू वर्षाचा प्रारंभिक फरक मागील मेळपत्रकातील अखेरच्या फरकाशी ताडून पाहतात. बँकेच्या व्याजाचा फरक मात्र असा उलटत नाही. ते परिव्यय लेख्यांबाहेर ठेवले जाते तोवर दरवर्षीच्या व्याजाएवढी रक्कम मेळपत्रकात नव्याने येते.

## मर्यादा

मेळपत्रक केवळ दोन नोंदींतील फरक दाखवते. एखादी चूक दोन्ही लेख्यांत सारखीच झाली असेल, उदाहरणार्थ साठ्याच्या मोजणीत नग कमी धरले गेले असतील, तर दोन्ही नफे समान रकमेने चुकतात आणि मेळपत्रक तरीही जुळते.