वाक्य ‘आणि’ किंवा ‘पण’ने सुरू केलं तर अर्ज चुकतो का? कायद्याची भाषा काय सांगते?

‘आणि’, ‘पण’ हे दोन वाक्यांना जोडणारे शब्द, म्हणून त्यांची जागा मध्ये. वाक्याच्या सुरुवातीला ते आले की चूक, असं अनेकांना शाळेत सांगितलेलं असतं. त्यामुळे सोशल मीडियावर बिनधास्त ‘पण’ने वाक्य सुरू करणारा माणूस तहसीलदारांना अर्ज लिहायला बसला की अडखळतो. हा नियम खरंच मराठीचा आहे का? सरकारी कागदावर अशी सुरुवात चालते का? आणि चालत असेल, तर कुठे?

## आधी एक अर्ज पाहू

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेतात नाल्याचं पाणी शिरलं. पंचनामा झाला, पण नुकसानग्रस्तांच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. त्याचा मुलगा मोबाइलवर अर्जाचा मजकूर टाइप करतो:

“१० जुलैच्या रात्री खूप पाऊस झाला. आणि नाल्याचं पाणी शेतात आलं. आणि सोयाबीन वाहून गेलं. पण १४ तारखेला तलाठी आले होते. आणि त्यांनी पंचनामा केला. पण यादीत नाव नाही. आणि आम्ही दोनदा विचारायला गेलो.”

सात वाक्यं आहेत आणि त्यातली सहा ‘आणि’ किंवा ‘पण’ने सुरू होतात. वाचताना काहीतरी खटकतं, हे खरं. पण खटकतं ते या शब्दांच्या जागेमुळे की आणखी कशामुळे? याचं उत्तर शोधण्याआधी व्याकरण काय म्हणतं ते पाहायला हवं.

## व्याकरणात बंदी आहे का?

मराठी व्याकरणात या शब्दांना ‘उभयान्वयी अव्यय’ म्हणतात. दोन शब्द किंवा दोन वाक्यं जोडणं हे त्यांचं काम. ‘आणि’, ‘व’, ‘शिवाय’ हे शब्द भर घालतात, म्हणून ते समुच्चयबोधक. ‘पण’, ‘परंतु’ हे शब्द आधीच्या विधानात काहीतरी उणीव दाखवतात, म्हणून ते न्यूनत्वबोधक. ‘म्हणून’, ‘सबब’ हे परिणाम सांगतात, म्हणून ते परिणामबोधक.

ही व्याख्या शब्दाचं काम सांगते. आधीच्या वाक्यानंतर पूर्णविराम आला म्हणून ते काम थांबत नाही. पूर्णविरामानंतर आलेला ‘परंतु’सुद्धा मागच्या वाक्याशीच नातं जोडत असतो.

शिवाय हा पूर्णविरामच मराठीत तसा नवा आहे. इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीच्या मोडी पत्रांमध्ये शब्दही तोडून लिहिले जात नसत. एक मुद्दा संपून दुसरा सुरू झाला, हे वाचणाऱ्याला कळायचं ते बऱ्याचदा जोडणाऱ्या शब्दांवरूनच.

‘आणि’, ‘पण’ने वाक्य सुरू करू नका, ही ताकीद इंग्रजीच्या वर्गातही दिली जाते. तिथेही तो व्याकरणाचा पक्का नियम नाही. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या पहिल्याच अध्यायातल्या बहुतेक ओव्या ‘आणि’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होतात. लहान मुलं प्रत्येक वाक्यामागे ‘आणि’ लावत सुटतात. त्यांना आवरायला ही ताकीद उपयोगी पडते. अडचण होते ती ताकिदीचा कायमचा नियम झाला की.

## कायद्यातलं ‘परंतुक’

या नियमाला सगळ्यात मोठा धक्का देतो तो कायदाच. मराठीत याहून औपचारिक लेखन शोधून सापडणार नाही.

कायद्याच्या कलमात आधी एक सर्वसाधारण नियम सांगितलेला असतो. त्याला अपवाद किंवा अट जोडायची असेल, तर नवा परिच्छेद सुरू होतो आणि त्याचा पहिला शब्द असतो ‘परंतु’. आणखी एक अपवाद असेल तर पुढचा परिच्छेद ‘परंतु आणखी असे की’ असा सुरू होतो. ही पद्धत इतकी पक्की आहे की कलमाच्या या भागाचं नावच त्या शब्दावरून पडलं आहे. मराठी कायदेभाषेत त्याला ‘परंतुक’ म्हणतात.

हे फक्त शैलीपुरतं नाही, हे एका उदाहरणातून कळतं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(१) नुसार अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत माहिती द्यायची किंवा कारण सांगून नकार द्यायचा, हा मूळ नियम आहे. त्याखाली परंतुक येतं. मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती ४८ तासांच्या आत द्यावी लागते.

३० दिवस आणि ४८ तास यांच्यामध्ये उभा आहे तो वाक्याच्या सुरुवातीचा एक ‘परंतु’. मूळ नियम वाचून जो थांबला, त्याला ४८ तासांचा हक्क कळणारच नाही. म्हणूनच हा शब्द लांबलचक वाक्याच्या पोटात न ठेवता परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवलेला असतो. इथून अपवाद सुरू होतो, हे तो लांबूनच सांगतो.

‘आणि’चंही तसंच. राजपत्रातल्या अधिसूचनांमध्ये शासन आधी कारणं मांडतं. पहिलं कारण ‘ज्याअर्थी’ने सुरू होतं, पुढची कारणं ‘आणि ज्याअर्थी’ने, आणि शेवटी ‘त्याअर्थी, आता’ असं म्हणून निर्णय येतो. तिथे वाक्य पुरतं संपत नाही, परिच्छेद मात्र नवा असतो. म्हणजे सरकारी कागदावर ओळीच्या सुरुवातीला ‘आणि’ येणं नवं नाही.

## अर्जात तर हे रोजच होतं

कायदा बाजूला ठेवला तरी साध्या अर्जातही हेच दिसतं. तहसील कार्यालयाबाहेरच्या अर्जनवीसाने लिहिलेला कुठलाही अर्ज पाहा. शेवटचा परिच्छेद बहुधा ‘सबब’ किंवा ‘तरी’ या शब्दाने सुरू होतो: “सबब, माझ्या शेताचा फेरपंचनामा करण्यात यावा.” “तरी मे. साहेबांनी विनंती मान्य करावी.”

‘सबब’ म्हणजे ‘या कारणाने’. व्याकरणात त्याची जात ‘पण’, ‘आणि’ यांचीच, तोही उभयान्वयी अव्यय. ‘तरी’सुद्धा जोडणारा शब्दच. त्यांनी वाक्य सुरू झालं तर कुणालाही चूक वाटत नाही. मग ‘पण’ का खटकतो? कारण तो बोलण्यातला शब्द आहे, तर ‘सबब’ कागदावरचा. अडचण वाक्यातल्या जागेची नाही, शब्दाच्या पोताची आहे.

## औपचारिक लेखनात कोणता शब्द घ्यावा?

‘पण’ऐवजी ‘परंतु’ किंवा ‘तथापि’ घेतला की वाक्य लगेच कार्यालयीन होतं. ‘तथापि’ शासकीय पत्रव्यवहारात जास्त दिसतो. सामान्य नागरिकाच्या अर्जात ‘परंतु’ पुरेसा आहे.

‘पण’बाबत आणखी एक अडचण आहे. बोलताना तो ‘सुद्धा’ या अर्थानेही येतो. “मी पण अर्ज केला” आणि “पण मी अर्ज केला” या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, अर्थ वेगळे. ‘परंतु’ लिहिला तर हा घोटाळा होत नाही.

‘मात्र’ हा शब्द वर्तमानपत्रांत वाक्याच्या सुरुवातीला सर्रास दिसतो. त्याची जुनी जागा मात्र ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या मागे आहे: “यादीत मात्र माझे नाव नाही.” अर्जात तो याच जागी जास्त शोभतो.

‘आणि’ऐवजी ‘तसेच’, ‘शिवाय’ किंवा ‘याशिवाय’ यांनी वाक्य सुरू करता येतं. एक शब्द मात्र सुरुवातीला कधीच बसत नाही, तो म्हणजे ‘व’. “पाऊस झाला. व पाणी शिरले.” हे मराठी कानाला चालत नाही. ‘व’ दोन गोष्टींच्या मध्येच राहतो.

## मग त्या अर्जात चुकलं काय?

आता मुलाच्या मजकुराकडे परत येऊ. “पण १४ तारखेला तलाठी आले होते” इथे ‘पण’ला विरोध दाखवायला काहीच नाही. पाऊस झाला, नुकसान झालं, पाहणीला माणूस आला. हा साधा क्रम आहे. “आणि नाल्याचं पाणी शेतात आलं” इथे नातं नुसत्या भरीचं नाही, कारण आणि परिणामाचं आहे. ‘आणि’ ते नातं लपवतो.

खरा विरोध एकाच ठिकाणी आहे: पंचनामा झाला, तरी यादीत नाव नाही. हीच तक्रार आहे. पण आधीच एक ‘पण’ फुकट गेला आणि भोवती ‘आणि’ची रांग लागली, म्हणून महत्त्वाचा ‘पण’ त्यात हरवून जातो.

तोच मजकूर असा होऊ शकतो:

“दि. १० जुलै रोजी रात्री झालेल्या अतिवृष्टीमुळे नाल्याचे पाणी माझ्या शेतात शिरले व ८० आर क्षेत्रातील सोयाबीन वाहून गेले. दि. १४ जुलै रोजी तलाठ्यांनी पंचनामा केला. परंतु नुकसानग्रस्त शेतकऱ्यांच्या यादीत माझे नाव नाही. याबाबत मी दोनदा कार्यालयात चौकशी केली आहे. सबब, यादीत माझे नाव समाविष्ट करण्यात यावे, ही विनंती.”

‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाने कारण सांगितलं. ‘व’ने दोन घटना एका वाक्यात बांधल्या. ‘दोन एकर’ऐवजी सातबाऱ्यावर असतं तसं क्षेत्र आरमध्ये आलं. वाक्याच्या सुरुवातीला जोडणारे शब्द दोनच उरले: ‘परंतु’ तक्रारीला आणि ‘सबब’ मागणीला. टेबलावर पन्नास अर्ज असलेल्या कर्मचाऱ्याची नजर नेमकी या दोन जागी थांबते.

‘परंतु’ आधीच्या वाक्याला स्वल्पविरामाने जोडला असता तरी चाललं असतं. पण तेव्हा तक्रार तलाठ्यांच्या वाक्याचं शेपूट झाली असती. वेगळ्या वाक्यात ती स्वतःच्या पायावर उभी राहते.

## पाठवण्याआधी तपासायचं कसं?

वाक्याच्या सुरुवातीचा जोडणारा शब्द बोटाने झाकून वाचा. उरलेलं वाक्य कर्ता आणि क्रियापदासह पूर्ण वाटलं तर ते स्वतंत्र वाक्य आहे. “आणि पिकाचंही नुकसान.” यातला ‘आणि’ झाकला तर क्रियापद नसलेला तुकडा उरतो. पोस्टमध्ये असा तुकडा चालतो, अर्जात तो आधीच्या वाक्यात मिसळावा.

वाक्य पूर्ण असेल तर आधीच्या वाक्याशी त्याचं नातं बघा. खरंच विरोध असेल तरच ‘परंतु’ ठेवा. नुसता पुढचा प्रसंग सांगायचा असेल तर तारीख किंवा वेळ पुरते, जोडणाऱ्या शब्दाची गरजच नसते.

एका छोट्या अर्जात असा ‘परंतु’ एकदा, फार तर दोनदा यावा. तो जिथे येतो तिथे वाचणारा काहीतरी वेगळं, महत्त्वाचं ऐकायला तयार होतो. कायद्याने तो शब्द परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवला आहे तो त्यासाठीच.