पोटातलं पिवळं पाणी

आठ महिन्यांचा बोका. पाठीची हाडं हाताला लागतात, पोट मात्र टम्म फुगलेलं. ताप अँटिबायोटिकनंही हटत नाही. सुईनं पोटातलं पाणी काढलं तर ते पिवळं, चिकट, तार सुटेल असं. ही एफआयपीची, म्हणजे मांजरांच्या संसर्गजन्य पेरिटोनायटिसची, ‘ओली’ तऱ्हा.

मूळ विषाणू मांजरांचा कोरोनाव्हायरस. आपल्या कोविडचा नव्हे. तो असंख्य मांजरांच्या आतड्यात असतो आणि फार तर जुलाब करतो. मोजक्याच मांजरांत, बहुधा दोन वर्षांच्या आतल्या, तो आतल्या आत बदलतो आणि पांढऱ्या पेशींत शिरतो. मग रक्तवाहिन्या सुजतात, त्यांतून प्रथिनं पाझरून पोटात किंवा छातीत साठतात. या पाण्याची एक साधी परीक्षा आहे, रिव्हाल्टा. आम्लाचा थेंब घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यात पोटातल्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. तो विरघळून गेला तर एफआयपीची शक्यता फार कमी. आकार धरून राहिला तर संशय बळावतो, पण नुसत्या जंतुसंसर्गातही तसं होऊ शकतं.

‘कोरडी’ तऱ्हा जास्त फसवी. इथे तपासायला पाणीच नसतं. मूत्रपिंडात, आतड्याजवळच्या गाठींत, डोळ्यांत, मेंदूत सूज धरते. वजन घटतं, बुबुळाचा रंग बदलतो, चाल डगमगते. अशा वेळी ‘कोरोना अँटिबॉडी’ची चाचणी करून घाबरण्यात अर्थ नाही, ती निरोगी मांजरांतही सर्रास पॉझिटिव्ह येते.

पूर्वी हे निदान म्हणजे मृत्युपत्रच. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या नील्स पेडरसन यांनी जीएस-441524 हे औषध 31 आजारी मांजरांना दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली 25 दीर्घकाळ जगली. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर याच रेणूत बदलतं. तरी मांजरांसाठी परवाना मिळेना. त्यामुळे मालक काळ्या बाजारातून कुप्या मागवून घरीच झोंबणारी इंजेक्शनं देत. 2021 पासून ब्रिटनमध्ये आणि 2024 पासून अमेरिकेत ते पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळू लागलं, तेही तोंडावाटे.

आता चूक होते ती मात्रेत. ओल्या तऱ्हेत किलोला रोज 15 मिलिग्रॅम धरले तर 2.4 किलोच्या आपल्या बोक्याला 36 लागतील. औषध लागू पडलं की तो सपाटून खातो. महिन्याभरात 3 किलोचा झाला तर 45 हवेत. दर आठवड्याला वजन केलं नाही तर मात्रा कमी पडते आणि आजार उलटू शकतो. डोळे किंवा मेंदू धरला असेल तर मात्रा मुळातच वाढवावी लागते, कारण तिथवर औषध कमी पोचतं.

मुदत 84 दिवसांची. म्युनिकच्या एका अभ्यासात पोटाछातीत पाणी झालेल्या मांजरांना 42 दिवसही पुरले. मेंदूच्या आजाराला ही सवलत लावता येत नाही. सुधारणा पहिल्या काही दिवसांतच दिसते, ताप उतरतो, भूक लागते. आठवडाभरात काहीच फरक नसेल तर पशुवैद्य मात्राच नव्हे, निदानही पुन्हा तपासतात.