नोंद हलते, पत्ता हलत नाही

संगणकाच्या हिशेबात ‘वाई’ हे नाव ९ बाइटांचे, ‘पुणे’ १२ बाइटांचे आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ ४९ बाइटांचे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर घडवणारे हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात, तर दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेला १ बाइट पुरतो. गावाचा क्रमांक मात्र १ असो की १ लाख, पूर्णांक म्हणून साठवला तर त्याला ४ बाइटच लागतात. म्हणजे गावांच्या साध्या तक्त्यातही क्रमांकांची लांबी ठरलेली असते आणि नावांची लांबी दर ओळीला बदलते.

हा तक्ता डिस्कवरच्या फाईलमध्ये मांडायचा कसा? प्रत्येक नावासाठी ३०० बाइट राखून ठेवले तर कोणतीही नोंद कुठे आहे ते गुणाकाराने सापडेल, पण ‘वाई’च्या मागे २९१ बाइट रिकामे पडून राहतील. नोंदी एकामागे एक चिकटवून ठेवल्या तर जागा वाचेल. मग एके दिवशी कोणी ‘वाई’चे ‘वाई, जि. सातारा’ करेल आणि त्यापुढची प्रत्येक नोंद सरकवावी लागेल. सरकवण्याचे काम एकवेळ होईल, खरी अडचण त्यानंतरची आहे. शोध लवकर लागावा म्हणून डेटाबेस इंडेक्स ठेवतो, आणि ‘क्रमांक २ ची नोंद अमुक ठिकाणी आहे’ असे पत्ते त्यात लिहिलेले असतात. नोंदी सरकल्या की हे सगळे पत्ते खोटे ठरतात.

यावरची युक्ती १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत ‘सिस्टीम आर’ या डेटाबेसमध्ये वापरली गेली आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तिचे वर्णन आले. बाहेरच्या जगाला नोंदीची खरी जागा सांगायचीच नाही. पानाचा क्रमांक आणि त्या पानावरच्या एका छोट्या खणाचा क्रमांक एवढेच सांगायचे, आणि नोंद नेमकी कितव्या बाइटपासून सुरू होते ते त्या खणात लिहून ठेवायचे. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो. आतला माणूस त्या चपला या फळीवरून त्या फळीवर हलवो, आपल्या हातातला क्रमांक बदलत नाही. या खणांना स्लॉट म्हणतात आणि अशा पानाला स्लॉटेड पेज.

आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये ही रचना डोळ्यांनी पाहता येते. पोस्टग्रेस फाईलचे ८१९२ बाइटांचे तुकडे पाडतो. हीच त्याची पाने. पानाच्या सुरुवातीला २४ बाइटांचे शीर्षक असते. त्याला लागून स्लॉटांची रांग सुरू होते. प्रत्येक स्लॉट ४ बाइटांचा असतो आणि त्यात नोंदीची जागा, तिची लांबी व तिची सद्यस्थिती अशा तीन गोष्टी मावतात. प्रत्यक्ष नोंदी मात्र पानाच्या तळापासून वर रचल्या जातात. स्लॉट खाली वाढतात, नोंदी वर चढतात आणि मधली सगळी मोकळी जागा सलग राहते. ती कोणत्या बाजूला किती द्यायची हे आधी ठरवावे लागत नाही, ही या मांडणीतली सर्वांत सुंदर गोष्ट. बारीक नोंदी असतील तर स्लॉट जास्त होतील, मोठ्या असतील तर कमी. पान दोन्ही सामावून घेते.

वरची तीन गावे नव्या तक्त्यात भरून पानाच्या आत डोकावले तर काय दिसते ते पाहू. त्यासाठी पोस्टग्रेससोबत येणारी `pageinspect` ही जोडणी वापरायची.

```
CREATE EXTENSION pageinspect;
CREATE TABLE gaav (id integer PRIMARY KEY, nav text);
INSERT INTO gaav VALUES
  (1,'पुणे'), (2,'वाई'), (3,'छत्रपती संभाजीनगर');
SELECT lp, lp_off, lp_flags, lp_len, t_ctid
FROM heap_page_items(get_raw_page('gaav', 0));
```

```
 lp | lp_off | lp_flags | lp_len | t_ctid
  1 |   8144 |        1 |     41 | (0,1)
  2 |   8104 |        1 |     38 | (0,2)
  3 |   8024 |        1 |     78 | (0,3)
```

`lp` हा स्लॉटचा क्रमांक, `lp_off` ही नोंदीची जागा आणि `lp_len` ही तिची लांबी. पुण्याच्या नोंदीचे ४१ बाइट कुठून आले? प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर २४ बाइटांची माहिती असते: ही नोंद कोणत्या व्यवहारात लिहिली गेली, कोणत्या व्यवहारात रद्द झाली, वगैरे. त्यानंतर क्रमांकाचे ४ बाइट. मग नावाच्या आधी त्याची लांबी सांगणारा १ बाइट आणि शेवटी खुद्द नावाचे १२. नाव १२६ बाइटांपेक्षा मोठे असेल तर लांबी लिहायलाच ४ बाइट लागतात. नोंद ४१ बाइटांची असली तरी तिला ४८ बाइटांची जागा मिळते, कारण प्रत्येक नोंद ८ने भाग जाणाऱ्या ठिकाणीच सुरू व्हावी असा नियम आहे. ८१९२ मधून ४८ वजा केले की ८१४४. त्यातून वाईचे ४० गेले की ८१०४.

नोंदीच्या आत पोस्टग्रेस रकाने तक्त्यात जाहीर झालेल्या क्रमानेच ठेवतो. त्यामुळे नावानंतर आणखी एखादा रकाना असेल, तर तिथे पोहोचण्यासाठी आधी नावाची लांबी वाचून ते ओलांडावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने वेगळा मार्ग घेतला. तिथे ठरलेल्या लांबीचे रकाने पुढे येतात, मग बदलत्या लांबीचा प्रत्येक रकाना कुठे संपतो ते सांगणारे दोन-दोन बाइटांचे आकडे आणि त्यामागे मजकूर. नोंदीच्या पोटात स्लॉटांचीच एक लहान रांग म्हणावी अशी ही व्यवस्था. रकाने पुष्कळ आणि त्यांतले बरेच मजकुराचे असतील तर दुसरी पद्धत मला अधिक नेटकी वाटते.

आता वाईचे नाव वाढवू.

```
UPDATE gaav SET nav = 'वाई, जि. सातारा' WHERE id = 2;
```

नवी नोंद ६६ बाइटांची आहे. ४० बाइटांच्या जुन्या जागेत ती बसणार नाही. पण पोस्टग्रेस जुन्या जागेवर लिहीतच नाही. त्याच वेळी दुसरा कोणी जुने नाव वाचत असू शकतो, म्हणून नवी प्रत ७९५२ या ठिकाणी स्लॉट ४ मध्ये जाते आणि जुन्या नोंदीच्या `t_ctid` मध्ये (0,4) हा पुढचा पत्ता लिहिला जातो. इंडेक्स अजून स्लॉट २ कडेच बोट दाखवतो आणि त्याला हात लावावा लागत नाही. जुनी प्रत पाहू शकणारा एकही व्यवहार उरला नाही की साफसफाई करता येते. `VACUUM gaav;` चालवल्यानंतर तेच पान असे दिसते:

```
 lp | lp_off | lp_flags | lp_len | t_ctid
  1 |   8144 |        1 |     41 | (0,1)
  2 |      4 |        2 |      0 |
  3 |   8064 |        1 |     78 | (0,3)
  4 |   7992 |        1 |     66 | (0,4)
```

छत्रपती संभाजीनगरची नोंद ८०२४ वरून ८०६४ वर सरकली आहे. वाईची जुनी प्रत गेली, तिचे ४० बाइट बुजवले गेले आणि मोकळी जागा पुन्हा सलग झाली. नोंद हलली तरी तिचा स्लॉट ३ च राहिला. स्लॉट २ मध्ये आता नोंद नाही. त्याची स्थिती २ म्हणजे ‘पुढे जा’ आणि जागेच्या रकान्यातला ४ म्हणजे ‘स्लॉट ४ पाहा’. इंडेक्समधून आलेला शोध (0,2) वर येतो आणि तिथून पुढे पाठवला जातो. हॉट या नावाने ओळखली जाणारी ही सोय पोस्टग्रेसच्या ८.३ आवृत्तीत, २००८ मध्ये आली.

तिला दोन अटी आहेत. इंडेक्स असलेला रकाना बदललेला नसावा आणि नवी प्रत त्याच पानावर मावावी. पान गच्च भरलेले असेल तर नवी प्रत दुसऱ्या पानावर जाते. मग तक्त्यावर पाच इंडेक्स असतील तर पाचहीमध्ये नव्या पत्त्याची भर पडते आणि एका ओळीच्या बदलाचे काम सहापट पसरते. हे घडते आहे का हे `pg_stat_user_tables` मध्ये कळते: `n_tup_upd` हा एकूण बदलांचा आकडा आणि `n_tup_hot_upd` हा पानातच निभावलेल्या बदलांचा. दुसरा पहिल्याच्या खूप मागे पडत असेल आणि इंडेक्सचे रकाने बदलत नसतील, तर पाने दाटली आहेत असे समजावे. त्यावर उपाय म्हणजे पाने मुद्दाम थोडी रिकामी ठेवणे:

```
ALTER TABLE gaav SET (fillfactor = 85);
```

यापुढे नव्या नोंदी भरताना पानातली १५ टक्के जागा बदलांसाठी राखली जाते. आधीच भरलेल्या पानांना मात्र हा नियम आपोआप लागत नाही. आणि एखादा व्यवहार तासन्‌तास उघडा राहिला, तर त्याला दिसू शकणाऱ्या जुन्या प्रती काढता येत नाहीत. कितीही जागा राखली तरी ती मग जुन्या प्रतींनीच भरून जाते.

स्लॉट एवढा लहान ठेवण्याचीही किंमत आहे. त्याच्या ३२ बिटांपैकी १५ जागेसाठी, १५ लांबीसाठी आणि २ स्थितीसाठी आहेत. १५ बिटांत ३२,७६८ ठिकाणे मोजता येतात, म्हणून पोस्टग्रेसचे पान ३२ किलोबाइटच्या पुढे नेता येत नाही. नोंद कितीही बारीक असली तरी तिच्या डोक्यावरचे २४ आणि स्लॉटचे ४ बाइट द्यावेच लागतात. त्यामुळे ८१९२ बाइटांच्या पानावर २९१ पेक्षा जास्त नोंदी बसत नाहीत.

उलट्या टोकाला पानापेक्षा मोठी नोंद असते. सात हजार चिन्हांचा मराठी लेख २१,००० बाइटांच्या आसपास जातो, आणि पोस्टग्रेसची नोंद तर एका पानातच मावली पाहिजे. म्हणून ओळ साधारण २००० बाइटांच्या वर गेली की पोस्टग्रेस मोठा मजकूर आधी दाबून लहान करून पाहतो. तेवढ्याने भागले नाही तर त्याचे सुमारे २००० बाइटांचे तुकडे करून ते एका वेगळ्या, जोडीच्या तक्त्यात ठेवतो. देवनागरीच्या तीन बाइटांमुळे मराठी मजकूर ही मर्यादा साडेसहाशे-सातशे चिन्हांतच गाठतो. तेवढ्याच लांबीचा इंग्रजी मजकूर तिच्या बराच आत असतो. मूळ नोंदीत मजकुराच्या जागी १८ बाइटांचा निर्देशक उरतो. लेखाचे फक्त शीर्षक बदलले तर ओळीची नवी प्रत तयार होते, पण तिच्यात तोच १८ बाइटांचा निर्देशक जसाच्या तसा उतरतो आणि लेखाचे तुकडे पुन्हा लिहावे लागत नाहीत.