खालच्या कडेला हात नाही

दाट, जुळलेल्या भुवयांचा माणूस सलूनमध्ये जाऊन जे मागतो ते ऐकायला सोपं असतं. "जरा साफ करा, पण आयब्रो केल्यासारखं दिसायला नको." कारागिराला मात्र ही मागणी अवघड जाते. त्याच्या हातातली साधनं आणि त्याला मिळालेलं शिक्षण, दोन्ही उलट कामासाठी आहेत. पार्लरमध्ये भुवया कोरायच्या म्हणजे कड स्पष्ट करायची, कमान उचलायची, शेपूट निमुळतं करायचं. पुरुषाच्या भुवईत नेमक्या याच तीन गोष्टी दिसल्या की चारचौघांच्या लगेच लक्षात येतं. मग मित्र आठवडाभर पिच्छा सोडत नाहीत.

कारण हाडात आहे. डोळ्याच्या खोबणीची वरची कड बोटाने चाचपून पाहा. पुरुषाची भुवई साधारण त्या कडेवरच बसलेली असते आणि बरीचशी आडवी जाते. बाईची भुवई त्या कडेच्या थोडी वर असते आणि बाहेरच्या बाजूला उंचावते. आता भुवईच्या खालच्या बाजूचे केस काढले तर काय होईल? भुवई जागची हलत नाही, पण पापणी आणि भुवई यांच्यात मोकळी जागा वाढते, आणि भुवई वर सरकल्याचा भास होतो. ते केस बाहेरच्या अर्ध्या भागातून काढले तर कमान आपोआप तयार होते. म्हणून या कामात मुरलेले लोक पुरुषाच्या भुवईच्या खालच्या कडेला जवळजवळ हातच लावत नाहीत. पापणीवर अगदी वेगळे, एकटे उगवलेले दोन-चार केस असतील तर तेवढे उचलायचे, बाकी जसं आहे तसं.

मग 'फार वाढल्यात' या तक्रारीचं काय करायचं? इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. बहुतेक पुरुषांच्या भुवया रुंद असतात म्हणून अस्ताव्यस्त दिसत नाहीत, त्यांतले काही केस लांब असतात म्हणून तशा दिसतात. भुवईचा केस महिन्याला साधारण चार-पाच मिलिमीटर वाढतो. त्याचा वाढीचा काळ महिना-दीड महिन्याचाच असतो, म्हणून तो सेंटिमीटरभर होऊन थांबतो. वय वाढतं तसा काही केसांचा हा काळ लांबतो, आणि ते जाड, ताठ, कधी पांढरे होऊन दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत जातात. त्यात भुवईच्या केसांची दिशा एक नसते. नाकाजवळचे केस वर जातात, पुढे खालच्या अंगाचे केस वर आणि बाहेर वळतात, वरच्या अंगाचे खाली आणि बाहेर, आणि मधल्या रेषेवर दोन्ही एकमेकांवर चढतात. काहींच्या भुवईत तर डोक्यावर असतो तसा भोवराही असतो. लांबी कमी केली की निम्म्याहून जास्त पसारा मिटतो, आणि मुळासकट एकही केस काढावा लागत नाही.

लांबी कमी करायला बारीक, सरळ पात्याची कात्री आणि छोटा कंगवा किंवा मस्काऱ्यासारखा गोल ब्रश पुरतो. भुवई कोरडी हवी, कारण ओला केस ताणून लांब होतो आणि वाळल्यावर आखडतो, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो. केस सरळ वर विंचरायचे, भुवईच्या वरच्या कडेबाहेर जी टोकं जातील तेवढीच छाटायची, आणि तीही एका फटक्यात नाही. कात्री किंचित तिरकी धरून एकेक टोक घ्यायचं. सगळी टोकं एका रेषेत कापली तर केस खाली बसल्यावर वरची कड कापडाच्या काठासारखी दिसते. नंतर केस आपल्या दिशेला बसवून पाहायचं. मग खाली विंचरून तेच, पण हात आणखी आखडता ठेवून. शेपटाचे केस कापायचे नाहीत, ते आधीच विरळ असतात आणि भुवईचा शेवट त्यांच्यावरच उभा असतो.

ट्रिमरचं वेड अलीकडे फार आहे. काम मिनिटात होतं हे खरं, पण केस लहान आणि सारखे झाले की ते अंगावर न बसता उभे राहतात, आणि खालची कातडी दिसू लागते. भोवरा असलेल्या ठिकाणी तर हमखास. मशीन वापरायचंच असेल तर कंगव्याची टोपी लावून, जास्त लांबीवरून सुरुवात करून आणि केसाच्या दिशेनेच. उलट दिशेने फिरवलं तर टोपी असूनही खड्डा पडतो.

आता दोरा. पार्लरमधला सुती दोरा, बहुतेक ४० नंबरचा, हातभर घेऊन त्याला मध्ये पाच-सात पीळ देतात. एक टोक दातात किंवा मानेभोवतीच्या फासात आणि बाकीचा दोन्ही हातांत. हात उघडला की पीळ पुढे धावतो आणि वाटेतले केस पकडून उपटतो. दोऱ्याची खुबी ही की तो एका वेळी ओळच्या ओळ उचलतो. कपाळावरची लव, नाकाच्या वरची जागा, यासाठी त्याच्यासारखं साधन नाही. पण ओळ उचलणारं साधन कडेला लावलं की कड रेघेसारखी होते, आणि रेघ म्हणजेच 'केलेली' भुवई. तेव्हा दोरा मधल्या जागेपुरता, आणि कडेला चिमटा. चिमट्याने एक केस धरायचा, वाढीच्या दिशेने ओढायचा, शेजारचा सोडायचा.

एक उदाहरण घेऊ. लग्न ठरलेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, भुवया नाकावर जुळलेल्या, डावीकडे भोवरा. असा मुलगा बहुतेक वेळा हळदीच्या आदल्या संध्याकाळी उगवतो. जाणता कारागीर तेव्हा कात्री चालवतो, दोरा नाही, आणि वर बोलूनही घेतो, "अरे, आठ दिवस आधी यायचं होतंस की!" कारण नुकत्याच उपटलेल्या जागी हळद चोळली की आग होते, आणि दुसऱ्या दिवशी मुंडावळ्यांच्या खाली बारीक पुरळ. पाच ते सात दिवस आधीचा मुहूर्त बरा. त्या दिवशी कातडीखाली राहिलेले काही केस मधल्या काळात वर येतात, ते लग्नाच्या आदल्या दिवशी चिमट्याने उचलता येतात.

समजा तो वेळेवर आला आहे. आधी त्याला ताठ बसवून, चेहरा सैल सोडायला सांगून समोरून पाहायचं. आरसा दिसला की माणूस नकळत भुवया उंचावतो, त्यामुळे "इकडे माझ्याकडे बघ" म्हणावं लागतं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरळ वर रेघ कल्पायची. बाईच्या बाबतीत भुवई साधारण तिथे सुरू होते. या मुलाची मात्र रेघेच्या थोडी आतून सुरू झाली तर चांगली. भुवया जुळलेल्या आहेत म्हणून मधलं सगळं रान मोकळं केलं तर डोळे एकमेकांपासून लांब गेल्यासारखे दिसतात आणि चेहरा ओळखू येत नाही. म्हणून पावडर लावून, त्याला दोन बोटांनी कातडी ताणायला लावून, बरोबर मधोमध बोटाच्या पेरापेक्षा अरुंद पट्टी दोऱ्याने साफ करायची. पट्टीच्या दोन्ही बाजूंना एक केस काढ, एक ठेव, असं चिमट्याने करत जायचं, म्हणजे भुवई विरळपणातून दाटपणाकडे जाते. हा उतार जमला तर काम जमलं. सरळ उभी कड ठेवली की भुवई चौकोनी डबीसारखी सुरू होते, आणि लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्यांदा तेच डोळ्यांत भरतं.

मग कात्री, वर सांगितली तशी. भोवऱ्यातले केस मात्र छाटायचे नाहीत. आखूड झाले की ते जास्त ताठ उभे राहतात. तिथला फारच आडमुठा एखादा केस मुळातून काढायचा, बाकीचे थोडे लांब ठेवून किंचित व्हॅसलीनने किंवा भुवयांच्या जेलने बाजूला बसवायचे. कपाळाकडे विखुरलेले केस काढताना वरच्या कडेपासून थोडं अंतर राखायचं. शेवटी डावी-उजवी पाहायची, आणि इथेच बहुतेक कामं बिघडतात. डावी किंचित जाड वाटली म्हणून तिथले चार काढले, मग उजवी जाड वाटते. कुणाच्याच दोन भुवया सारख्या नसतात, आणि दोन हात लांबून फरक दिसत नसेल तर तो मिटवायला जाऊ नये. मोठं करून दाखवणारा आरसा या कामात शत्रू आहे.

जास्त गेलंच तर? छाटलेलं दोन-तीन आठवड्यांत पुष्कळसं भरून येतं. उपटलेल्याला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. आणि एकाच जागी वर्षानुवर्षं उपटत राहिलं तर काही मुळं कायमची थंडावतात. तोवर पेन्सिलने भरता येतं, पण ज्याला 'केल्यासारखं' नको होतं त्याला पेन्सिल द्यायची म्हणजे कमालच झाली. वस्तऱ्याचा मोह मधल्या जागेसाठी होतो खरा, पण केसाचं टोक आडवं कापलं जातं, आणि दोन-तीन दिवसांत तिथे दाढीसारखे काळे खुंट दिसू लागतात.

काम झाल्यावर त्या जागी थंड पाणी किंवा कोरफडीचा गर लावावा, तुरटीचा खडा डोळ्याजवळ नको. लाली काही तासांत जाते. दोन दिवसांनी पिवळ्या डोक्याच्या पुळ्या आल्या तर केसांच्या मुळांत जंतू गेले समजायचं. म्हणून दोरा दर गिऱ्हाईकाला नवा हवा आणि टोक दातात धरण्यापेक्षा मानेत अडकवलेलं बरं, हे आपण सांगायला संकोचू नये. पुटकुळ्यांवर रेटिनॉइडचं मलम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर कातडी नाजूक झालेली असते, तेव्हा फक्त कात्री, आणि वॅक्स तर मुळीच नाही.

एक वेगळी बाब कारागिराच्याच आधी लक्षात येते. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा हळूहळू विरळ होत असेल आणि माणूस म्हणत असेल की मी तिथे हात लावलेला नाही, तर तो आकाराचा प्रश्न नाही. थायरॉइड मंदावल्यावर असं होतं आणि कुष्ठरोगातही होतं. अशा वेळी दोरा बाजूला ठेवून "एकदा डॉक्टरांना दाखवा" म्हणणाऱ्याकडेच मी तरी पुढच्या वेळी जाईन.

एरवी दर दुसऱ्या कटिंगला कात्री, मधल्या जागेला तीन-चार आठवड्यांनी दोरा, एवढ्यावर वर्ष निघतं. कटिंग संपता संपता मशीन हातात असतानाच "भुवयांवरून पण फिरवू का?" असं विचारलं जातं. तेव्हा नाही म्हणायचं, आणि कात्री-कंगवा मागायचा.