जोडीतल्या पंपांची पाळी

उंचावरच्या वस्तीला पाणी चढवणाऱ्या बूस्टर केंद्रात बहुधा दोन सारखे पंप शेजारी-शेजारी बसवलेले असतात. त्यांतला आधी सुरू होणारा तो ‘लीड’ आणि गरज पडली तरच मदतीला येणारा तो ‘लॅग’. उदाहरणार्थ, मुख्य वाहिनीतला दाब 3.2 किलोपर्यंत उतरला की लीड सुरू होतो. सकाळी सगळे नळ एकदम सुटले आणि लीड चालू असूनही दाब 2.8 किलोच्या खाली वीसेक सेकंद राहिला, तरच लॅग जोडला जातो. हा थांबा नसेल तर दाबाच्या क्षणिक हेलकाव्यानेही दुसरी मोटर चालू-बंद होत राहते.

लीडचा मान एकाच पंपाकडे राहिला तर तो झिजतो आणि दुसऱ्याचे सील न फिरता चिकटून बसते. म्हणून पॅनेलमधला पीएलसी दोघांचे चालू तास मोजतो. ‘अ’चे 6,140 आणि ‘ब’चे 6,110 तास झाले असतील आणि फरकाची मर्यादा 24 तास ठरवलेली असेल, तर पुढची पाळी ‘ब’ची. अदलाबदल मात्र चालू पंप थांबल्यावरच करावी. मध्येच केली तर वाहिनीला दाबाचा धक्का बसतो. केंद्र अखंड चालत असेल, तर आधी दुसरा पंप सुरू करून मगच पहिला थांबवतात.

खरी गफलत पंप बदलल्यावर होते. ‘ब’च्या जागी नवा पंप आला आणि त्याचा आकडा शून्यावर आणला की हिशेब जुळेपर्यंत एकटा ‘ब’च राबतो, तोही आठ महिन्यांहून अधिक. अशा वेळी पाळीचे दोन्ही आकडे एकदम शून्य करावेत आणि देखभालीच्या तासांची नोंद वेगळी ठेवावी. तास तंतोतंत सारखे ठेवण्याचा हट्टही शहाणपणाचा नाही, कारण मग दोन्ही पंप एकाच सुमारास दुरुस्तीला येतात.

लीड बिघडल्यास लॅगने आपोआप त्याची जागा घ्यायची असते. पण बिघाड ओळखायचा कसा? कॉन्टॅक्टर बसला याचा अर्थ मोटरला वीज मिळाली, एवढाच. कपलिंग तुटले असेल तर मोटर फिरते आणि पाणी जागचे हलत नाही. म्हणून आदेशानंतर ठरावीक सेकंदांत प्रवाह दिसला नाही, तर पंप बाद ठरवून दुसरा बोलावतात आणि भोंगा वाजवतात. बाद पंप माणसाने तपासल्याशिवाय पुन्हा पाळीत घेत नाहीत.

संप रिकामा असेल तर मात्र दुसरा पंप बोलावणे घातकच. कोरडा चालून तोही जळेल. पाण्याची पातळी खाली गेली की दोन्ही पंप रोखणारे कुलूप म्हणूनच वेगळे हवे.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर चालू पंपाचे पाणी बंद पंपातून मागे फिरते. दाब चढत नाही, लॅग वारंवार धावून येतो आणि दोघांचे तास वाजवीपेक्षा जास्त भरतात. बंद पंपाचा शाफ्ट उलटा फिरताना दिसला की दोष कुठे आहे ते कळते. तशा अवस्थेत तो सुरू करू नये. करंट उसळतो आणि शाफ्ट तुटण्याचा धोका असतो.