आतला फेरा पूर्ण, मगच पुढची ओळ

पहिल्या ओळीत एक तारा, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. सी भाषेत असा ताऱ्यांचा त्रिकोण छापण्यासाठी एका लूपच्या पोटात दुसरा लूप लिहितात. यालाच नेस्टेड लूप म्हणतात. बाहेरचा लूप कितवी ओळ चालू आहे ते सांभाळतो, तर आतला लूप त्या ओळीतले तारे छापतो.

```c
int i, j;
for (i = 1; i <= 4; i++) {
    for (j = 1; j <= i; j++) {
        printf("*");
    }
    printf("\n");
}
```

दोन्ही लूप बरोबरीने पुढे सरकत असावेत, असा नवशिक्यांचा हमखास समज होतो. प्रत्यक्षात चाल पाढ्यांसारखी असते. ‘बे एके बे’पासून ‘बे दाहे वीस’पर्यंत दोनचा पाढा पुरा म्हणून झाल्यावरच तीनचा पाढा सुरू होतो, आणि तोही पुन्हा ‘एके’पासून. कोणता पाढा चालू आहे हे बाहेरचा लूप ठरवतो. ‘एके’ ते ‘दाहे’ ही आतल्या लूपची धाव.

हीच चाल कागदावर मांडून पाहता येते. सुरुवातीला `i` ची किंमत १ होते. आतला लूप `j` ला १ देतो आणि `j <= i` ही अट तपासतो. एक हा एकाएवढाच असल्याने अट खरी ठरते व एक तारा छापला जातो. मग `j` २ होतो, अट खोटी ठरते आणि आतला लूप संपतो. त्यानंतर `printf("\n")` कर्सरला पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नेतो. एवढं सगळं झाल्यावरच `i` ची किंमत २ होते.

आता आतल्या लूपची पाटी पुन्हा कोरी होते. `j` मागच्या किमतीवरून पुढे जात नाही, तो परत १ होतो. `j` १ असताना एक तारा, २ असताना दुसरा. ३ झाल्यावर अट मोडते आणि ओळ बदलते. `i` ३ असताना तीन तारे पडतात, ४ असताना चार. शेवटी `i` ५ होतो, बाहेरची अट खोटी ठरते आणि काम थांबते.

या सगळ्यात बाहेरचा लूप चार वेळा फिरला, तारे मात्र १ + २ + ३ + ४ म्हणजे १० छापले गेले. आतली अट १४ वेळा तपासली गेली, कारण प्रत्येक ओळीत लूप थांबवणारी एक जादा तपासणी असते.

ओळ बदलणारी आज्ञा कुठे लिहिली आहे, याला फार महत्त्व आहे. ती आतल्या लूपच्या कंसाबाहेर, पण बाहेरच्या लूपच्या कंसात हवी. चुकून आत गेली, तर प्रत्येक ताऱ्यानंतर ओळ बदलते आणि दहा ओळींत एकेक तारा दिसतो. दोन्ही लूपच्या बाहेर गेली, तर दहाही तारे एकाच ओळीत चिकटून येतात.

कधी चार ओळी बरोबर येतात, पण प्रत्येकीत एकच तारा दिसतो. या एकाच लक्षणामागे दोन वेगळ्या चुका असू शकतात. पहिली म्हणजे `j = 1` हे बाहेरच्या लूपच्याही आधी, एकदाच लिहिणे. मग `j` पुन्हा १ होतच नाही. पहिल्या ओळीअखेर तो २ झालेला असतो, दुसऱ्या ओळीत तिथूनच सुरू होतो आणि एक तारा छापून ३ होतो. जणू तीनचा पाढा ‘एके’पासून न म्हणता मधूनच उचलला.

दुसरी चूक आतल्या `for` च्या कंसानंतर पडलेल्या अर्धविरामाची, म्हणजे `;` या खुणेची. तिच्यामुळे आतला लूप रिकामाच फिरून संपतो, आणि खालच्या महिरपी कंसातली तारा छापणारी आज्ञा प्रत्येक ओळीत एकदाच चालते.

चूक यातली कोणती, हे ओळखण्यासाठी `printf("*")` च्या जागी `printf("%d", j)` लिहून पाहावे. अचूक प्रोग्रॅम 1, 12, 123, 1234 अशा ओळी छापतो. पहिली चूक असेल, तर चार ओळींत 1, 2, 3, 4 येतात. अर्धविराम पडला असेल, तर 2, 3, 4, 5 दिसतात, कारण छापण्याची पाळी येईपर्यंत `j` आपली धाव संपवून `i` च्या एक घर पुढे गेलेला असतो.